बारावी अर्थशास्त्र : वृद्धी आणि विकास यांतला फरक. बाईंनी लाल पेनने 'उदाहरण?' लिहून पाठवलंय

दांडियाबाजारवाली
मंडळी, मदत हवी आहे. लेक बारावी कॉमर्सला आहे, गुजरात बोर्ड, गुजराती माध्यम. पाच मार्कांचा प्रश्न होता: आर्थिक वृद्धी आणि आर्थिक विकास यांतला फरक स्पष्ट करा, आणि फक्त राष्ट्रीय उत्पन्न बघितलं तर दिशाभूल का होते ते सांगा. तिने लिहिलं की वृद्धी संख्यात्मक असते, विकास गुणात्मक असतो, वृद्धी एका बाजूची आणि विकास चहूबाजूंचा. पाठ केलेलं सगळं ओळीने उतरवलं. बाईंनी दोन मार्क दिले आणि समासात 'उदाहरण?' एवढंच लिहिलं. आता लेक मला विचारते, "आई, तूच सांग ना एखादं." मी बीए मराठी. गाईडमध्ये एक उदाहरण आहे, मूल उंच होतं ती वृद्धी आणि शहाणं होतं तो विकास. ते बाईंना चालेलसं वाटत नाही. आपल्या इथलं, बडोद्याचं काही सुचतंय का कुणाला?

सेवउसळ
सोप्पंय. उसळीत नुसती तर्री वाढवली ती वृद्धी. वाटाणेही वाढले तर विकास.

मांजलपूरचा_मन्या
ताई, ग्रोथ घ्यायची की डिव्हिडंड हे वयावर ठरतं. मुलगी लहान आहे ना, मग ग्रोथच घ्या. एसआयपी चालू करून टाका.

दांडियाबाजारवाली
मन्यादादा, म्युच्युअल फंडाचं नाही हो विचारलं! बारावीचा पेपर आहे.

मांजलपूरचा_मन्या
अरे हो. ऑफिसात बसून घाईघाईत वाचलं. चालू द्या.

कारेलीबागकर
यात एवढं काही नाही. राष्ट्रीय उत्पन्न फसवं असतं कारण लोकसंख्या धरलेली नसते आणि महागाई धरलेली नसते. उत्पन्न दुप्पट झालं, पण भावही दुप्पट झाले तर हाती काय आलं? शून्य. म्हणून स्थिर भावाने उत्पन्न काढायचं, माणसांच्या संख्येने भागायचं. दरडोई वास्तविक उत्पन्न मिळालं की तोच विकास. मी सीए आहे, रोज आकड्यांतच असतो. मुलीला एवढं लिहायला सांगा, पुरे मार्क मिळतील.

निवृत्त_आकडेमोड्या
कारेलीबागकर, अर्धी वाट बरोबर चाललात. भावाचा फुगा काढायलाच हवा आणि डोक्यांनी भागायलाही हवं. पण एवढं केल्यावर जे हातात येतं ती अजून वृद्धीच, फक्त साफ केलेली. विकास त्याच्या पुढे सुरू होतो. मी सरकारी आकडेवारीच्या कामात तीस वर्षं घालवली आहेत, तेव्हा थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

ताई, लेकीला एक काल्पनिक तालुका द्या. माणसं शंभर. प्रत्येकाची वर्षाची कमाई एक लाख. म्हणजे तालुक्याचं उत्पन्न एक कोटी, दरडोई एक लाख. आता तिथे एक मोठा रसायनांचा कारखाना आला. कच्चा माल, वीज वगैरे सगळं वजा जाता कारखान्याने वर्षात एक कोटीची भर घातली. भाव तेच, माणसं तेवढीच. तालुक्याचं उत्पन्न झालं दोन कोटी, दरडोई दोन लाख. वृद्धी शंभर टक्के. पेपरात मथळा.

आता त्या नव्या एक कोटीचा माग काढा. २५ लाख यंत्रांच्या झिजेचे, म्हणजे घसारा. निव्वळ उत्पन्न काढताना ते वजा होतात, म्हणून निव्वळ आकडा पावणेदोन कोटी धरू. गावातली दहा माणसं कामाला लागली, त्यांना पगार मिळाला १५ लाख. ही दहा माणसं आपलं जुनं कामही घरच्यांच्या मदतीने सांभाळतात असं समजा, म्हणजे हिशोब सोपा राहील. उरले ६० लाख. ते बँकेचं व्याज, कंपनीचा नफा आणि कर. बँक मुंबईची, भागधारक देशभरातले, कराचा मोठा वाटा दिल्लीला. गावच्या घरांत आले फक्त १५ लाख. कागदावर निव्वळ दरडोई उत्पन्न पावणेदोन लाख, घरांत प्रत्यक्षात सरासरी एक लाख पंधरा हजार. आणि शंभर माणसं कमाईप्रमाणे ओळीत उभी केलीत तर मधल्या माणसाची कमाई किती? पूर्वीसारखीच, एक लाख. नव्वद जणांना काही कळलंच नाही.

अजून आपण विहिरीच्या पाण्याकडे पाहिलेलं नाही, शाळेकडेही नाही. हिशोब त्याआधीच फसला.

कारेलीबागकर
काका, हे काल्पनिक झालं. बाहेर जाणारं उत्पन्न वजा करून आत येणारं मिळवायची पद्धत आहेच की. देशांतर्गत आणि राष्ट्रीय उत्पन्न यांतला फरक तोच तर आहे.

निवृत्त_आकडेमोड्या
देशासाठी ते होतं. देशाच्या सीमेवर पैशाची नोंद राहते. राज्याच्या सीमेवर कोण नोंद ठेवणार? बडोद्यातून मुंबईला गेलेला नफा किंवा सुरतेहून ओडिशाला गेलेला मजुराचा पगार मोजायची सोय नाही. म्हणून राज्याचं उत्पन्न म्हणून जे छापतात ते राज्याच्या हद्दीत 'तयार झालेलं' उत्पन्न. ते राहिलं कुणाकडे, हे तो आकडा सांगतच नाही. कोयलीची रिफायनरी घ्या. तिथे जी मूल्याची भर पडते ती गुजरातच्या खात्यात मांडली जाते. नफा मात्र कंपनीचा, म्हणजे तिच्या भागधारकांचा, आणि त्यांत सर्वांत मोठं भारत सरकार. यात कुणाची लबाडी नाही, मोजणीची पद्धतच तशी आहे.

आणि देशाचा हिशोबही फसतो. आयर्लंडने २०१५ सालची वाढ आधी २६ टक्के म्हणून जाहीर केली. एका वर्षात! डब्लिनच्या रस्त्यावर काही बदललं नव्हतं. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं वगैरे कागदोपत्री तिकडे हलवली होती. जग हसलं, तेव्हा २०१७ पासून त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाने असल्या गोष्टी बाजूला काढून वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली.

कोयलीची_पाळी
कोयलीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी त्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, कुठल्या ते सांगत नाही. अठरा वर्षांपूर्वी लागलो तेव्हा आमच्या पाळीला चाळीस माणसं होती. आता चौदा. माल तेव्हाच्या दुपटीहून जास्त निघतो. काकांच्या हिशोबाने आमच्या इथे वृद्धी जोरदार झालीय. आमच्या वाटेला फक्त घंटा आलाय तो पाळी संपल्याचा.

सेवउसळ
दादा, याला म्हणतात वाटाणे कमी, तर्री फुल्ल. 🙏

दांडियाबाजारवाली
काका, तालुक्याचं लेकीला लग्गेच कळलं. पण ती म्हणते बाई 'खरं' उदाहरण मागणार. गुजरातचं असं काही आहे का आकड्यांत?

निवृत्त_आकडेमोड्या
आहे, आणि चांगलं टोचणारं आहे. दोनच आकडे लक्षात ठेवायला सांगा.

पहिला. गुजरातचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त. मग घरं खर्च किती करतात? २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात गुजरातच्या खेड्यात माणशी महिन्याचा खर्च ३,७९८ रुपये निघाला. देशाचा ग्रामीण आकडा ३,७७३. पंचवीस रुपयांचा फरक! शहरात गुजरात ६,६२१ आणि देश ६,४५९. म्हणजे उत्पन्नात आपण दीडपट, आणि ताटापर्यंत येईतो साधारण देशाएवढेच.

दुसरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१. पाच वर्षांखालची किती मुलं वयाच्या मानाने बुटकी? देशात शंभरात ३५.५, गुजरातमध्ये ३९. मुलाची उंची दोन-तीन वर्षांत काय खाल्लं, जुलाब किती वेळा झाले, आई गरोदरपणी कशी होती, याचा साठलेला हिशोब असतो. एक दिवस पोटभर जेवण दिलं म्हणून ती वाढत नाही, त्यामुळे हा आकडा नटवता येत नाही. आणि त्याच फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय गुजरातमध्ये ६५ टक्के, देशात ५७.

गंमत म्हणजे ताईंच्या गाईडमध्ये 'मूल उंच होणं म्हणजे वृद्धी' असं दिलंय. मूल उंच होतंय की नाही हेच तर विकासाचं सर्वांत साधं माप आहे.

इंदूरची_मावशी
हे बरंय! आम्हा एमपीवाल्यांना बडोद्याचे पाहुणे नेहमी ऐकवतात, तुमच्याकडे काय, नुसते पोहे आणि जत्रा. आमचा आकडा काय हो काका?

निवृत्त_आकडेमोड्या
मावशी, त्याच फेरीत मध्य प्रदेश ३५.७. तुमचं दरडोई उत्पन्न आमच्या निम्म्याच्या आसपास, आणि मुलं मात्र या मापावर आमच्यापेक्षा बरी.

इंदूरची_मावशी
स्क्रीनशॉट काढला. जाऊबाईंना पाठवते आहे.

अलकापुरी_ओटा
मावशी, जरा थांबा. पाठवायच्या आधी दुसरा आकडाही जोडा. २०२० च्या जन्ममृत्यूंच्या सरकारी नमुना नोंदणीत जन्मलेल्या हजार बाळांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बाळं मध्य प्रदेशात ४३, गुजरातमध्ये २३, देशात २८, केरळात ६. मी बालरोग विभागात नर्स होते, ४३ आणि २३ यांत किती घरं रडतात ते बघितलंय. मुलांच्या उंचीत तुम्ही पुढे, बाळं जगवण्यात आम्ही. मग विकास कुणाचा झाला?

इंदूरची_मावशी
पाठवून झालं हो. आता काय करू. 😐

कारेलीबागकर
हेच म्हणतो मी! एक माप घेतलं की एक राज्य वर, दुसरं घेतलं की दुसरं. मग उत्पन्नाचंच काय वाईट? निदान ते एक आकड्यात तरी मिळतं. आणि काकांच्या खर्चाच्या आकड्यावर माझा आक्षेप आहे. गुजराती माणूस खर्च करतच नाही. तो वाचवतो. माझे निम्मे अशील दोन जोडी कपड्यांत वर्ष काढतात आणि डिमॅट खात्यात कोटी असतात. खर्च कमी म्हणजे गरीब, हे गुजरातला लागू नाही.

निवृत्त_आकडेमोड्या
हा आक्षेप खरा आहे आणि तो मी मोडून काढू शकत नाही. खर्चाच्या पाहणीत बचत येत नाही. शिवाय बंगलेवाले पाहणीवाल्याला दारातूनच वाटेला लावतात, हे मी स्वतः अनुभवलंय. त्यामुळे वरच्या लोकांचा खर्च कमीच नोंदला जातो. दीडपट आणि बरोबरी यांतल्या दरीचा काही भाग असा भरून निघेल. किती, ते ठामपणे सांगता येणार नाही.

पण दोन गोष्टी. तुमचे अशील डिमॅटवाले आहेत, दाहोदचा शेतमजूर नाही. आणि बचत करणारा माणूस स्वतःचे कपडे कमी घेईल, पोराचं दूध तोडणार नाही. बचतीने खर्चाचा आकडा खाली येतो हे मान्य. मुलांची उंची का खाली यावी?

सूरसागर_कट्टा
उंचीचं कारण शाकाहार. आमच्याकडे अंडंसुद्धा घरात येत नाही. यात सरकारचा आणि उत्पन्नाचा काय संबंध?

अलकापुरी_ओटा
शाकाहार एक भाग असू शकतो, पण तेवढ्यावर सोडू नका. राजस्थानही मोठ्या प्रमाणावर शाकाहारी आहे आणि तिथला बुटकेपणाचा आकडा गुजरातहून बराच कमी आहे. मी वॉर्डात बघायचे ती मुलं अंडं न खाल्ल्याने नाही यायची. आई एकोणीस-वीसची, रक्त कमी, बाळ जन्मतःच दोन-सव्वादोन किलोचं. सहाव्या महिन्यानंतर वरचं खाणं म्हणजे पातळ डाळीचं पाणी किंवा चहात बुडवलेलं बिस्किट. मग जुलाब. महिन्याभराने पुन्हा जुलाब. बाप कमावता असायचा बरं का, मोबाइल असायचा, बाइक असायची. घरात पैसा आला तरी बाळाच्या वाटीत काय पडतं ते बाईच्या वयावर, शिक्षणावर आणि नळाच्या पाण्यावर ठरतं.

सूरसागर_कट्टा
हं. राजस्थानचं माहीत नव्हतं. तरी मला शाकाहाराचं पूर्ण खोटं वाटत नाही.

मांजलपूरचा_मन्या
आता नीट वाचून आलो. माझा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आठवतो ना? आमच्या सोसायटीत तळमजल्यावर पाच फूट पाणी. माझी गाडी गेली, फ्रीज गेला, सोफा गेला, आईचं शिसवी कपाट फुगून उघडेना. त्यानंतर चार महिने गॅरेजवाले, सुतार, फ्रीजवाले यांची चांदी. मी एकट्याने साडेतीन लाख ओतले. हे सगळं राष्ट्रीय उत्पन्नात धरलं गेलं का?

निवृत्त_आकडेमोड्या
मन्या, सुंदर प्रश्न. गॅरेजवाल्याचं काम, नवा फ्रीज, सुताराची मजुरी, सगळं उत्पादन म्हणून धरलं जातं. आणि गेलेलं? पुरात अचानक नष्ट झालेली मालमत्ता उत्पन्नातून वजा होत नाही. घसारा म्हणून जे वजा करतात ते रोजच्या झिजेसाठी. आपत्तीतलं नुकसान संपत्तीच्या वेगळ्या खात्यात लिहायचं असतं, उत्पन्नाच्या आकड्याला ते शिवत नाही. तुझा फ्रीज तर घसाऱ्यातही नाही, कारण घरातल्या वस्तू विकत घेतल्या क्षणी 'वापरून संपल्या' असं धरतात. पुराच्या दिवसांत दुकानं बंद राहिली तेवढी घट मात्र लागते. तेव्हा पूर आला म्हणजे उत्पन्न नक्की वाढलं असं नको लिहायला. एवढंच लिहायचं की दुरुस्तीचा खर्च जमेला येतो आणि गेलेलं नावे पडत नाही. तू साडेतीन लाख खर्चून जिथे होतास तिथेच आलास.

मांजलपूरचा_मन्या
तिथेही नाही आलो काका. ते कपाट मिळालंच नाही तसलं परत.

रावपुरा_राणी
मी माझं सांगू? सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला होत्या. मी नोकरी सोडून सगळं केलं. अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं. काकांच्या वहीत त्या तीन वर्षांत माझा पगार गेला म्हणून देशाचं उत्पन्न कमी झालं, हो ना? शेवटच्या आठ महिन्यांत माझी पाठ धरली म्हणून बारा तासांची बाई ठेवली, महिना अठरा हजार. ती आली आणि उत्पन्न वाढलं. काम तेच, उलट ती रात्री झोपायची.

निवृत्त_आकडेमोड्या
ताई, वहीत तसंच आहे. घरातली बिनपगारी सेवा धरत नाहीत. शेतात घरच्यासाठी पिकवलेली बाजरी धरतात, त्या बाजरीची भाकरी थापणं धरत नाहीत.

शाळेचंही ऐका. सरकारी शाळेचं उत्पादन खर्चावरून मोजतात, म्हणजे मुख्यतः शिक्षकाच्या पगारावरून. मास्तर वर्गात शिकवो की ओसरीवर पेपर वाचत बसो, आकडा तोच.

सूरसागर_कट्टा
शाळेवरून आठवलं, अवांतर वाटेल पण बडोद्याचंच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ ला ते साऱ्या राज्याला लावलं. त्या वर्षी उत्पन्नाच्या हिशोबात काय दिसलं असेल? खर्चच. शेतावरची पोरं शाळेत गेली म्हणजे काम करणारे हात कमी झाले, उत्पन्न चिमूटभर घटलंही असेल. तरी विकास झालाच की.

आणि दुसरं. देशाचं दरडोई उत्पन्न पहिल्यांदा ज्यांनी मांडलं ते दादाभाई नौरोजी १८७४ च्या सुमारास इथेच मल्हाररावांचे दिवाण होते. त्यांचा आकडा होता माणशी वर्षाला २० रुपये. पण त्यांनी तो एकटा सोडला नाही. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्याकपड्यावर किती खर्च करतं तो हिशोब शेजारी ठेवला, आणि दाखवलं की सरासरी मोकळ्या माणसाला कैद्याएवढंही मिळत नाही. सरासरीला जमिनीवर कसं आणायचं हे आपल्याच दिवाणांनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवलंय.

सेवउसळ
कट्ट्यावर आज दिवाण बसलेत. मी गुपचूप पाव आणतो.

निवृत्त_आकडेमोड्या
नौरोजींची तुरुंगाची तुलना लेकीने घेतलीच पाहिजे. एका ओळीत सगळं येतं.

कारेलीबागकर
सगळं ऐकलं. आता माझंही ऐका. केरळ केरळ करता, तिथली शिकलेली पोरं नोकरीसाठी दुबईला जातात. सुशिक्षित तरुणांच्या बेकारीत केरळ देशात वरच्या ओळीत आहे. माझ्या ऑफिसात दोन मलयाळी मुली आहेत, बडोद्यात नोकरी आहे म्हणून आल्या. गुजरातमध्ये कारखाने आले म्हणून रस्ते झाले, खेड्यांत ज्योतिग्राम योजनेने चोवीस तास वीज आली. वृद्धीच नसेल तर विकासाला पैसा काय आभाळातून पडेल?

निवृत्त_आकडेमोड्या
पैसा लागतोच, त्याबद्दल वाद नाही. आणि केरळची बेकारी खरी आहे. पण केरळचा एक बारकावा बघा. दुबईहून येणारा पैसा केरळच्या राज्य उत्पन्नात येत नाही, कारण तो केरळच्या हद्दीत तयार होत नाही. घरात मात्र येतो. म्हणून दरडोई उत्पन्नात केरळ गुजरातपेक्षा थोडं मागे असूनही त्यांचा ग्रामीण खर्च माणशी ५,९२४ रुपये आहे. आपल्या ३,७९८ शेजारी ठेवा. एकीकडे उत्पन्न तयार होतं आणि बाहेर जातं, दुसरीकडे बाहेर तयार होतं आणि घरी येतं. राज्य उत्पन्नाचा आकडा दोन्हीकडे उलट्या बाजूंनी चुकतो.

कारेलीबागकर
हे मला ठाऊक नव्हतं. पण गल्फ उद्या बंद झालं तर काय? गुजरातचे कारखाने इथेच राहतील. माझं मत तेच.

कोयलीची_पाळी
कारखाने राहतील साहेब. माणसं किती राहतील ते चौदावरून मोजा.

अलकापुरी_ओटा
मग मानव विकास निर्देशांक का नाही कुणी काढला अजून? पुस्तकात तोच आहे ना, १९९० पासूनचा? आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न. माझ्या भाच्याने तर तेवढंच लिहून पूर्ण मार्क घेतले.

निवृत्त_आकडेमोड्या
लिहावाच, मार्क आहेत त्याला. महबूब उल हक यांनी तो मुद्दाम एकाच आकड्यात बसवला, कारण राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका आकड्याला टक्कर द्यायला तसाच ठसठशीत एक आकडा हवा होता. पण तोही सरासऱ्यांचाच बनलेला आहे. अहमदाबादचा बंगला आणि डांगचं झोपडं त्यातही एकाच गाडग्यात शिजतात. मुलांची उंची आणि बायकांचं रक्त तर त्यात नाहीच. तुमचा ४३ आणि २३ चा प्रश्न तो सोडवत नाही, झाकतो.

दांडियाबाजारवाली
दोन दिवसांनी येतेय, सगळं वाचून काढलं. लेकीने स्वतः लिहिलंय, मी फक्त मराठीत उतरवते:

"उत्पन्न वाढणं ही वृद्धी. ते वाढलेलं उत्पन्न माणसांच्या खाण्यात, आरोग्यात, शिक्षणात उतरणं हा विकास. वृद्धी असूनही विकास मागे राहू शकतो. गुजरातचं दरडोई उत्पन्न देशाच्या दीडपटीहून जास्त आहे, पण खेड्यातला माणशी खर्च जवळजवळ देशाएवढाच आहे आणि ३९ टक्के लोक बुटके आहेत. कारण मोठ्या कारखान्यात तयार झालेलं उत्पन्न राज्याच्या नावावर लिहिलं जातं, पण त्यातला नफा आणि व्याज बाहेर जातं. राष्ट्रीय उत्पन्न आणखी दोन ठिकाणी फसवतं. विश्वामित्रीच्या पुरानंतर फ्रीज घेतला तो मोजतात, वाहून गेलेला वजा करत नाहीत. आजीची सेवा आईने केली तर शून्य, बाई ठेवली तर अठरा हजार. दादाभाई नौरोजींनी दरडोई वीस रुपयांची तुलना कैद्याच्या खर्चाशी केली होती. उत्पन्नाचा आकडा असाच कशाच्या तरी शेजारी ठेवून वाचावा लागतो."

रावपुरा ताई, तुमचं उदाहरण तिने न विचारता घेतलं, चालेल ना?

रावपुरा_राणी
चालेल काय, पळेल! त्या अठरा हजारांची कुठेतरी नोंद झाली.

अलकापुरी_ओटा
छान लिहिलंय पोरीने. फक्त '३९ टक्के लोक बुटके' काढायला सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३९ टक्के, आणि तेही वयाच्या मानाने. नाहीतर बाई म्हणतील बडोद्यात सगळे बुटकेच दिसायला हवेत.

निवृत्त_आकडेमोड्या
आणि आकड्यापुढे साल. उंचीला २०१९-२१, खर्चाला २०२२-२३. साल नसलेला आकडा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. पुराच्या ओळीत 'फ्रीज' ठेवा, 'इमारत' करू नका, इमारतीचा हिशोब वेगळा आहे.

कारेलीबागकर
आणि पहिल्या ओळीत 'स्थिर भावाने' हे दोन शब्द घाला. माझं एवढं तरी घ्या.

दांडियाबाजारवाली
घेतलं, तिन्ही बदल केले. आता ती म्हणते पाच मार्कांना दीड पान होतंय, काय कापू? मी म्हटलं कट्ट्यावर विचारते.

सेवउसळ
काही कापू नको म्हणावं. अक्षर बारीक काढ.